गॅमा पट्ट्यातील उंच सुळका
वयस्कर माणसाच्या अहवालात ‘एम बँड’ आढळल्यास पुढे काय?

उदाहरणादाखल सांगलीच्या हळदपेठेतील एक घर डोळ्यांसमोर आणावे. घरातील कर्ते गृहस्थ अण्णा ६८ वर्षांचे. चाळीस वर्षे पेढीच्या गादीवर बसून सौदे केलेले, त्यामुळे कंबर दुखू लागली तेव्हा कोणालाच नवल वाटले नाही. बसण्याचा दोष, वयाचा दोष, हाडांची झीज असे प्रत्येकाने आपापल्या परीने म्हटले. वेदनाशामक गोळ्या सुरू झाल्या, जोडीला कॅल्शियमच्याही. काही आठवड्यांनी जिना चढताना दम लागू लागला. रक्त तपासले तेव्हा हिमोग्लोबिन ९.२ निघाले आणि बी-१२ जीवनसत्त्वही कमी आढळले. शाकाहारी घरात बी-१२ ची कमतरता ही काही दुर्मीळ गोष्ट नव्हे. कारण सापडले असे समजून इंजेक्शने सुरू झाली.

दहा आठवडे उलटले. बी-१२ ची पातळी भरून आली, परंतु हिमोग्लोबिन वाढण्याऐवजी ८.९ वर उतरले. येथे कुटुंबाच्या डॉक्टरांनी जुने अहवाल पुन्हा समोर मांडले आणि आतापर्यंत नजरेआड राहिलेल्या एका ओळीवर बोट ठेवले. एकूण प्रथिने डेसिलिटरला ९.८ ग्रॅम, त्यांपैकी अल्ब्युमिन ३.१. म्हणजे उरलेले ग्लोब्युलिन ६.७ ग्रॅम. निरोगी माणसात हे ग्लोब्युलिन साधारणपणे २ ते ३.५ ग्रॅमच्या आसपास असते. रक्तपेशी खाली बसण्याचा वेग, ज्याला सर्वजण ईएसआर म्हणतात, तो १२० होता.

थोरल्या सुनेने विचारले, “प्रथिने वाढली असतील तर अण्णांची डाळ बंद करावी का?”

डॉक्टर म्हणाले, “डाळीचा याच्याशी काही संबंध नाही, वहिनी. ही प्रथिने ताटातून आलेली नाहीत, शरीराने स्वतः तयार केलेली आहेत. ती कोणती आहेत हे आधी पाहू.” आणि त्यांनी सीरम प्रोटीन इलेक्ट्रोफोरेसिस ही तपासणी लिहून दिली.

आलेख काय सांगतो

रक्तातील प्रथिनांवर विद्युतभार असतो. रक्त गोठल्यावर वर उरणारा स्वच्छ द्रव, म्हणजे सीरम, जेलीसारख्या पातळ थरावर ठेवून त्यातून वीज सोडली की प्रत्येक प्रथिन आपल्या भाराप्रमाणे कमीअधिक अंतर पुढे सरकते. आजच्या अनेक प्रयोगशाळांत हेच काम केसासारख्या बारीक नळीत होते. ही पद्धत विकसित करणाऱ्या स्वीडनच्या आर्ने तिसेलियस यांना १९४८ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. तपासणीच्या शेवटी कागदावर पाच चढउतार उमटतात. सर्वांत उंच शिखर अल्ब्युमिनचे, त्यानंतर अल्फा-१, अल्फा-२ आणि बीटा यांचे लहान उंचवटे, आणि अखेरीस गॅमा पट्टा.

गॅमा पट्ट्यात मुख्यतः प्रतिपिंडे असतात. हाडांच्या पोकळीतील मगजात राहणाऱ्या प्लाझ्मा पेशी ती तयार करतात. या पेशींच्या असंख्य शाखा असतात आणि प्रत्येक शाखेचा माल किंचित वेगळा असतो. बाजारात शेकडो व्यापाऱ्यांचा माल एकत्र ओतावा तसे हे मिश्रण असल्याने निरोगी माणसाच्या आलेखात गॅमा पट्टा रुंद आणि सखल टेकडीसारखा दिसतो. क्षयरोग, यकृताचा विकार किंवा दीर्घकाळ टिकलेला संसर्ग असेल तर सर्वच शाखा अधिक काम करतात. अशा वेळी टेकडी उंच होते, पण तिची रुंदी कायम राहते.

एकाच शाखेच्या पेशी बेसुमार वाढल्या, तर मात्र अगदी एकसारख्या प्रतिपिंडाचा साठा रक्तात होतो. सर्व रेणू एकसारखे असल्याने ते एकाच जागी येऊन थांबतात आणि टेकडीऐवजी अरुंद, टोकदार सुळका उभा राहतो. हाच एम बँड. त्यातील ‘एम’ हे अक्षर मोनोक्लोनल, म्हणजे एकाच पेशीकुळातील, या शब्दाचे आहे. अण्णांच्या आलेखात असा सुळका होता आणि एकूण प्रथिनांपैकी ४२ टक्के वाटा त्याचा एकट्याचा होता. ९.८ चे ४२ टक्के म्हणजे सुमारे ४.१ ग्रॅम. प्रयोगशाळा हा आकडा अशाच रीतीने, सुळक्याखालील क्षेत्रफळावरून काढतात.

सुळका म्हणजे निदान नव्हे

येथे बहुतेक घरांत दोनपैकी एक चूक घडते. कोणी संगणकावर शोध घेऊन त्याच रात्री कर्करोगाच्या निष्कर्षाला पोहोचतो, तर कोणी ‘वयात असे होतेच’ म्हणून कागद कपाटात ठेवून देतो.

अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात झालेल्या एका मोठ्या पाहणीत पन्नाशी ओलांडलेल्या माणसांपैकी सुमारे ३ टक्के, तर सत्तरीपुढील माणसांपैकी ५ टक्क्यांहून थोड्या अधिक लोकांच्या रक्तात असा सुळका सापडला. त्यांतील बहुसंख्यांना कोणताही त्रास नव्हता. मेयो क्लिनिकचे डॉ. रॉबर्ट काइल यांनी १९७८ मध्ये या अवस्थेला एक लांबलचक नाव दिले. त्याची आद्याक्षरे घेऊन डॉक्टर तिला एमगस म्हणतात. हा अर्थ न लागलेला, पण लक्ष ठेवण्याजोगा सुळका होय. अशा शंभर माणसांपैकी दरवर्षी साधारण एकाच्या बाबतीत त्याचे रूपांतर मल्टिपल मायलोमा किंवा तत्सम आजारात होते. उरलेल्यांना नियमित तपासणीखेरीज उपचार लागत नाहीत.

म्हणून ज्याला काहीच त्रास नाही त्याच्या सुळक्याचा अर्थ एक, आणि ज्याला पांडुरोग किंवा हाडांचे दुखणे आहे त्याच्या सुळक्याचा अर्थ वेगळा असू शकतो. उतारवयात पांडुरोग, कंबरदुखी आणि एमगस या तिन्ही गोष्टी आढळतात. त्या एकाच माणसात योगायोगाने एकत्रही येऊ शकतात. तेव्हा पुढील सर्व तपासण्यांचा रोख एकाच प्रश्नाकडे असतो: हा सुळकाच त्रासाचे मूळ आहे, की तो केवळ शेजारी उभा आहे?

पहिली पायरी: सुळक्याची ओळख

पहिली गोष्ट म्हणजे सुळका खरा आहे की भास, हे ठरवणे. सीरमऐवजी चुकून प्लाझ्माचा नमुना वापरला गेला तर रक्त गोठवणारे फायब्रिनोजेन त्यात राहते आणि बीटा व गॅमा यांच्या मध्ये खोटी रेघ उमटवते. नमुन्यातील तांबड्या पेशी फुटल्या तरी एक वेगळीच रेघ दिसते. लोहाच्या कमतरतेत लोह वाहणारे ट्रान्सफेरिन वाढते आणि बीटा पट्ट्यात टोक काढते. पांडुरोगाच्या रुग्णाबाबत ही शेवटची फसगत विशेष लक्षात ठेवण्याजोगी आहे.

खऱ्याखोट्याचा निवाडा इम्युनोफिक्सेशन ही तपासणी करते. तीत सुळक्यातील प्रथिनाला विशिष्ट प्रतिद्रव्ये लावून त्याचे कूळ ओळखले जाते. प्रत्येक प्रतिपिंडात एकाच प्रकारच्या जड साखळ्या आणि एकाच प्रकारच्या हलक्या साखळ्या असतात. जड साखळी बहुधा आयजीजी, आयजीए किंवा आयजीएम यांपैकी एक असते आणि हलकी साखळी कॅपा किंवा लॅम्डा. अण्णांचा अहवाल आला, ‘आयजीजी कॅपा’. जर तो आयजीएम असता तर तपासाची दिशा बदलली असती, कारण आयजीएमचा सुळका बहुधा लसिका ग्रंथींच्या आजारांकडे किंवा वाल्डेनस्ट्रॉम नावाच्या विकाराकडे नेतो, मायलोमाकडे क्वचितच.

याच वेळी दुसरी एक तपासणी केली जाते, मोकळ्या हलक्या साखळ्यांची, जिला सीरम फ्री लाइट चेन म्हणतात. काही रुग्णांतील पेशी पूर्ण प्रतिपिंड न बनवता नुसत्या हलक्या साखळ्या बाहेर टाकतात. त्या आलेखात उमटतही नाहीत, कारण मूत्रपिंडे त्यांना चटकन गाळून टाकतात. मायलोमाच्या शंभर रुग्णांपैकी सुमारे ऐंशीजणांतच साध्या इलेक्ट्रोफोरेसिसमध्ये सुळका दिसतो. म्हणून याच्या उलट गोष्टही लक्षात ठेवावी: लक्षणे बोलकी असतील, तर ‘एम बँड नाही’ एवढ्या एका ओळीवर तपास थांबवू नये. इलेक्ट्रोफोरेसिस, इम्युनोफिक्सेशन आणि हलक्या साखळ्या या तिन्ही मिळून तपासल्या तर फारच थोडे रुग्ण निसटतात.

कॅपा आणि लॅम्डा यांचे प्रमाण सामान्यतः ०.२६ ते १.६५ या मर्यादेत असते. मूत्रपिंडे दुबळी असल्यास वरची मर्यादा ३ च्या थोडी पुढे धरली जाते. अण्णांचे कॅपा लिटरला ६२० मिलिग्रॅम आणि लॅम्डा ८ मिलिग्रॅम होते, म्हणजे प्रमाण ७७ च्या पुढे. त्यांचे आयजीए आणि आयजीएम मात्र फार खाली गेले होते. एका कुळाने जागा व्यापली की निरोगी कुळांचे उत्पादन मंदावते. अशा माणसाला न्यूमोनियासारखे संसर्ग वारंवार होतात, त्याचे कारण हेच.

दुसरी पायरी: शरीराला झळ लागली का?

मायलोमाने शरीराला पोहोचणारी हानी चार ठिकाणी शोधली जाते: रक्तातील कॅल्शियम, मूत्रपिंडे, हिमोग्लोबिन आणि हाडे. इंग्रजी आद्याक्षरांवरून डॉक्टर त्यांना एकत्रितपणे क्रॅब म्हणतात.

कॅल्शियमच्या बाबतीत एक छोटा हिशेब आवश्यक असतो. रक्तातील बरेचसे कॅल्शियम अल्ब्युमिनला चिकटून फिरते. अल्ब्युमिन कमी असेल तर अहवालातील आकडा प्रत्यक्षाहून कमी दिसतो. म्हणून ४ मधून रुग्णाचे अल्ब्युमिन वजा करून त्या फरकाला ०.८ ने गुणतात आणि आलेली रक्कम कॅल्शियममध्ये मिळवतात. अण्णांचे कॅल्शियम १०.६ होते. प्रयोगशाळेने त्यापुढे ‘किंचित अधिक’ एवढीच खूण केली होती. पण अल्ब्युमिन ३.१ असल्याने फरक ०.९, त्याला ०.८ ने गुणल्यास सुमारे ०.७. म्हणजे खरे कॅल्शियम ११.३ च्या आसपास. धोक्याची मर्यादा ११ मानली जाते. डॉक्टरांनी कॅल्शियमच्या गोळ्या त्याच दिवशी बंद केल्या. हाडे दुखतात म्हणून सुरू केलेली ही गोळी रक्तात आधीच साठलेल्या कॅल्शियममध्ये भर घालत होती.

मूत्रपिंडांसाठी क्रिएटिनिन पाहिले, ते १.७ निघाले. मायलोमाच्या निकषात त्याची मर्यादा २ आहे, तरीही हा आकडा निश्चिंत करणारा नव्हता. मूत्रपिंडात उतरलेल्या हलक्या साखळ्या तेथील एका नैसर्गिक प्रथिनाशी चिकटून घट्ट बुचे तयार करतात आणि बारीक नलिका तुंबवतात. शरीरातील पाणी कमी झाले, कॅल्शियम वाढले किंवा डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन यांसारखी वेदनाशामके पोटात गेली की हे तुंबणे वेगाने वाढते. अण्णा तीन महिने अशाच गोळ्या घेत होते.

मग चोवीस तासांच्या लघवीची तपासणी झाली. पेढीवरच्या नोकराकरवी पाठवलेली लघवीची साधी तपासणी पूर्वीच झाली होती आणि तीत प्रथिने ‘अत्यल्प’ असा शेरा होता. त्यामुळे घरच्यांना ही दुसरी तपासणी अनावश्यक वाटली. परंतु साध्या तपासणीतील कागदी पट्टी मुख्यतः अल्ब्युमिन ओळखते, हलक्या साखळ्या तिला जवळजवळ दिसत नाहीत. चोवीस तासांचा नमुना गोळा करताना सकाळची पहिली लघवी टाकून देऊन वेळ लिहून ठेवायची असते. त्यानंतरची प्रत्येक वेळची आणि दुसऱ्या दिवशी त्याच वेळची शेवटची लघवी डब्यात घ्यायची असते. मधली एक वेळ जरी चुकली तरी सगळा हिशेब चुकतो. अण्णांच्या नमुन्यात ९०० मिलिग्रॅम प्रथिन निघाले आणि ते बहुतांश कॅपा साखळ्यांचेच होते.

या हलक्या साखळ्यांचा इतिहास एका व्यापाऱ्यापासूनच सुरू होतो. १८४५ मध्ये लंडन येथील ४५ वर्षांच्या एका प्रतिष्ठित किराणा व्यापाऱ्याला छाती-पाठीची असह्य वेदना आणि अशक्तपणा जडला होता. त्याच्या लघवीत एक चमत्कारिक पदार्थ सापडला. आम्ल घातल्यानंतर थंड झाल्यावर तो घट्ट होई आणि तापवल्यावर पुन्हा विरघळे. वैद्यांनी तो नमुना डॉ. हेन्री बेन्स जोन्स यांच्याकडे पाठवला. तो व्यापारी पुढच्या वर्षारंभीच निवर्तला, पण त्या पदार्थाला बेन्स जोन्स प्रथिन हे नाव मिळाले आणि ते आजही अहवालांत छापले जाते.

तिसरी पायरी: हाडे आणि मगज

मायलोमाच्या पेशी हाड पोखरणाऱ्या पेशींना चेतवतात आणि हाड बांधणाऱ्या पेशींना थोपवतात. त्यामुळे हाडात छिद्रे पडतात आणि सुटलेले कॅल्शियम रक्तात येते. साध्या एक्स-रेमध्ये छिद्र दिसण्यासाठी त्या जागचा सुमारे तिसरा हिस्सा तरी झिजलेला असावा लागतो, म्हणून चांगला एक्स-रे हा निर्दोषत्वाचा दाखला ठरत नाही. हाडांचा किरणोत्सारी ‘बोन स्कॅन’ नव्या हाडाची बांधणी टिपतो. मायलोमात बांधणीच थंडावलेली असल्याने तोही फसवू शकतो. याऐवजी संपूर्ण शरीराचा अल्प किरणमात्रेचा सीटी स्कॅन किंवा पेट-सीटी केला जातो, आणि मणक्याचा प्रश्न असेल तेथे एमआरआय. हाडांसाठीच्या सीटीला शिरेतून रंगद्रव्य देण्याची गरज नसते. दुबळ्या मूत्रपिंडांना ते द्रव्य त्रासदायक ठरू शकते, म्हणून कोणत्याही स्कॅनपूर्वी क्रिएटिनिनचा आकडा तेथील डॉक्टरांना सांगावा. अण्णांच्या सीटीमध्ये कमरेचा पहिला मणका दबलेला दिसला, शिवाय दोन बरगड्यांत आणि कवटीत पोखरलेल्या जागा होत्या. गादीवरच्या बैठकीला दिलेला दोष येथे खोटा ठरला.

राहिली मगजाची तपासणी, अर्थात बोन मॅरो. घराघरांत या तपासणीची धास्ती असते, कारण ती ‘मणक्यातून पाणी काढणे’ समजली जाते. प्रत्यक्षात सुई मणक्यात जात नाही. पाठीमागे नितंबाच्या वरच्या बाजूला जे कटीचे हाड हाताला लागते, तेथे जागा बधिर करून थोडा द्रव मगज आणि हाडाचा बारीक तुकडा घेतात. अर्ध्या तासात काम आटोपते. मगज ओढला जातो त्या क्षणी एक तीव्र कळ येते, हे आधी सांगितलेले बरे. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असल्यास डॉक्टरांना आधी कळवावे, मनाने बंद करू नयेत. या नमुन्यात प्लाझ्मा पेशींचे शेकडा प्रमाण मोजतात आणि फिश नावाच्या तपासणीने त्यांच्या गुणसूत्रांतील बदल पाहतात. आजाराचा स्वभाव सौम्य की आक्रमक, याचा अंदाज त्यावरून येतो. ही संधी हुकू नये म्हणून मगज घेण्यापूर्वी कंबरदुखीवर स्टेरॉइडचा डोस शक्यतो टाळतात. स्टेरॉइड या पेशींना तात्पुरते मारते आणि चित्र पुसट करते.

अण्णांच्या मगजात प्लाझ्मा पेशी ३८ टक्के होत्या. २०१४ मध्ये आंतरराष्ट्रीय तज्ज्ञगटाने ठरवलेल्या निकषांनुसार एकाच कुळाच्या पेशी १० टक्के वा अधिक असाव्यात आणि त्यांच्यामुळे झालेली हानी किमान एका ठिकाणी दिसावी. कॅल्शियम ११ च्या वर, क्रिएटिनिन २ च्या वर, हिमोग्लोबिन १० च्या खाली किंवा हाडात छिद्र, यांपैकी एक पुरेसे असते. अण्णांच्या बाबतीत तीन होती. हानी दिसत नसली तरी पेशी ६० टक्क्यांवर गेल्या, मोकळ्या साखळ्यांचे प्रमाण १०० च्या वर गेले किंवा एमआरआयमध्ये एकाहून अधिक ठळक डाग दिसले, तर उपचार लांबवत नाहीत. सुळका ३ ग्रॅमच्या खाली, पेशी १० टक्क्यांच्या खाली आणि हानी कोठेच नाही, तर ते एमगस. या दोहोंच्या मध्ये एक सुप्त अवस्था असते. तिच्यात बहुधा दर तीन-चार महिन्यांनी लक्ष ठेवावे लागते.

दुसऱ्या घरातील आत्याबाई

याच्या शेजारी दुसरे एक उदाहरण ठेवले म्हणजे तुलना पुरी होते. ७४ वर्षांच्या एका आत्याबाईंचे हिमोग्लोबिनही असेच ९ होते आणि त्यांच्या अहवालातही सुळका होता, मात्र केवळ ०.६ ग्रॅमचा, आयजीजी जातीचा. हलक्या साखळ्यांचे प्रमाण सामान्य, कॅल्शियम आणि क्रिएटिनिन उत्तम, हाडांची तक्रार नाही. निर्णायक ठरला तांबड्या पेशींचा आकार. अण्णांच्या पेशी नेहमीच्या आकाराच्या होत्या, आत्याबाईंच्या मात्र फार लहान. लोहाचा साठा दाखवणारे फेरिटिन अवघे ६ होते. मायलोमामुळे सहसा अशा लहान पेशी होत नाहीत, त्यामागे बहुधा लोहाची कमतरता असते. आणि या वयात ‘आहारात लोह कमी’ एवढ्यावर समाधान न मानता रक्त कोठून झिरपते आहे हे पाहावे लागते. दुर्बिणीने आतड्याची तपासणी केली तेव्हा रक्त झिरपणारी एक गाठ सापडली. ती काढली, लोह दिले आणि हिमोग्लोबिन ११.८ वर आले. सुळका मात्र होता तेथेच राहिला. त्यांना सहा महिन्यांनी आणि पुढे वर्ष-दोन वर्षांनी, त्याच प्रयोगशाळेत, तीच तपासणी करण्यास सांगितले आहे. प्रयोगशाळा बदलली की पद्धत बदलते आणि आकड्यांची तुलना विश्वासार्ह राहत नाही.

सर्वांचे लक्ष सुळक्याकडेच खिळून राहिले असते तर आत्याबाईंच्या आतड्यातील गाठ वाढत राहिली असती. आणि बी-१२ च्या आकड्यावरच समाधान मानले असते तर अण्णांचा मणका आणखी खचला असता.

निदान होईपर्यंतचे दिवस

तपासण्यांचे सर्व अहवाल हाती येण्यास दोन-तीन आठवडे सहज जातात. अण्णांचा विचार असा होता की हळदीचा हंगाम आटोपू द्यावा, मग पाहू. धाकट्या मुलाने डॉक्टरांसमोर ते बोलून दाखवले तेव्हा डॉक्टर म्हणाले, “अण्णा, पेढी मुले सांभाळतील. थांबण्याने जे मूत्रपिंड जाईल ते हंगामानंतर परत मिळेलच असे नाही.” अण्णा बराच वेळ गप्प राहिले. मग त्यांनी किल्ल्यांचा जुडगा कमरेचा सोडून थोरल्याच्या हाती दिला.

या दिवसांत काही गोष्टी पाळाव्या लागतात. वेदनेसाठी पॅरासिटामॉल किंवा डॉक्टरांनी ठरवलेले अन्य औषध घ्यावे, दुकानातून आणलेली वेदनाशामके नव्हेत. पोती उचलणे, वाकून जड वस्तू ओढणे, मालिश करणाऱ्याकडून कंबर दाबून घेणे टाळावे, कारण पोखरलेले हाड किरकोळ दाबानेही मोडते. पाणी दिवसाला दोन ते तीन लिटर जावे. हृदयविकारामुळे डॉक्टरांनी मर्यादा घातली असेल तर ती पाळावी. सूर्यास्तानंतर पाणी न घेणाऱ्या घरांत हा वाटा दिवसभरात थोडाथोडा करून पुरा करावा लागतो. कॅल्शियम वाढलेल्या किंवा मूत्रपिंडांना झळ लागलेल्या माणसाने निर्जल उपवास करणे मात्र सरळसरळ धोक्याचे आहे. ज्येष्ठांचा नेम असेल तर हे कारण त्यांना आणि त्यांच्या गुरुजनांना आधीच मोकळेपणाने सांगावे.

दोन प्रसंगी दुसऱ्या दिवसाची वाट पाहू नये. पाय लुळे पडू लागणे, मांड्यांच्या आतल्या भागाची संवेदना जाणे किंवा लघवी-शौचावरील ताबा सुटणे म्हणजे दबलेला मणका मज्जारज्जूवर आला असण्याची खूण. येथे तासांचे मोल असते. आणि तहान अनावर होणे, वारंवार लघवी, बद्धकोष्ठ, उलट्या व त्यापाठोपाठ गुंगी किंवा असंबद्ध बोलणे, हे कॅल्शियम फार वाढल्याचे लक्षण असू शकते. दोन्ही वेळी रुग्णाला थेट मोठ्या रुग्णालयात न्यावे आणि सोबत इलेक्ट्रोफोरेसिसचा कागद घ्यावा.

मायलोमा आज बहुधा समूळ बरा होत नाही, पण औषधांनी तो बराच काळ आटोक्यात ठेवता येतो. अण्णांचे उपचार रक्तविकारतज्ज्ञांकडे सुरू झाले. चौथ्या महिन्यात सुळका ४.१ वरून ०.९ ग्रॅमवर आला, क्रिएटिनिन १.२ झाले आणि हिमोग्लोबिन ११ च्या पुढे गेले. कमरेचा पट्टा बांधून ते दुपारी तासभर पेढीवर येतात. आता गादीवर बसत नाहीत, पाठ टेकायला खुर्ची ठेवली आहे आणि शेजारच्या तिपाईवर पाण्याचा तांब्या. त्यांच्या गल्ल्यात सर्व अहवाल तारीखवार लावलेली एक फाइल असते. नवा कागद आला की ते आधी एकूण प्रथिनांतून अल्ब्युमिन वजा करतात आणि मगच चष्मा काढतात.